मुलांसाठी लिहायचे, पण आई-वडिलांच्या देखत: ज्येष्ठांच्या स्मार्टफोन वर्गासाठी घोषवाक्य कसे तयार करावे

सांगलीतील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही चौघांनी मिळून साठ वर्षांपुढील सभासदांसाठी स्मार्टफोनचा वर्ग सुरू केला, तेव्हा अभ्यासक्रम ठरवायला आम्हाला दोन दिवस लागले आणि फलकावरचे वाक्य लिहायला अवघी पाच मिनिटे. "आई-बाबांना स्मार्ट बनवा!" हे ते वाक्य. चार बाय दोन फुटांचा फ्लेक्स आणि पाचशे हस्तपत्रके छापून झाल्यावर, पहिल्याच सकाळी एक निवृत्त मुख्याध्यापक फलकाखाली उभे राहिले, त्यांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि शांतपणे विचारले, "म्हणजे आजवर आम्ही काय होतो?" त्यांनी नाव नोंदवले नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या दोघांनीही नोंदवले नाही.

अशा वर्गाचे घोषवाक्य मुलांना उद्देशून असावे, हा आमचा निर्णय चुकीचा नव्हता. फोन बहुधा मुलांनीच घेऊन दिलेला असतो, किंवा त्यांचा जुना फोन आई-वडिलांकडे आलेला असतो. त्याचा पासवर्ड मुलांना ठाऊक असतो आणि वर्गाची फीही तीच भरतात. शिवाय "मला काय करायचंय आता ते शिकून" असे म्हणणारी आई मुलीने आग्रह केला तर येते, संघाने केला तर येत नाही. चूक होती ती वाक्याच्या घडणीत. ते वाक्य बदलण्यासाठी आम्हाला पुढे सहा आठवडे लागले, आणि त्यात ज्या क्रमाने आम्ही चाललो (खरे तर ज्या क्रमाने चालायला हवे होते) तो क्रम पुढे दिला आहे.

1. वाक्य कोण कोण वाचणार, ते आधी कागदावर मांडा

पत्रक मुलांसाठी आहे असे आपण म्हणतो, पण त्याचा प्रत्यक्ष प्रवास पाहिला तर चित्र वेगळे दिसते. सांगलीतल्या सभासदाच्या पुण्यातील मुलाला संदेश जातो, तो मुलगा तोच संदेश घरच्या गटावर पुढे पाठवतो, आणि त्या गटात बहीण, भावजय, आत्या यांच्याबरोबर स्वतः वडीलही असतात. दुसरीकडे संघाच्या दारातला फलक तर आधी वडीलच वाचतात आणि मग मुलाला त्याचा फोटो पाठवतात. थोडक्यात, वाक्य एकाला उद्देशून असले तरी ज्याच्याविषयी ते आहे तो माणूस नेहमी खोलीत हजर असतो. जे वाक्य आईच्या समोर मुलाला म्हणता येणार नाही, ते फलकावर लिहू नये.

या कसोटीवर बरेच शब्द आपोआप गळतात. "डिजिटल निरक्षर", "मागे पडलेले", "लहान मुलालाही जमते इतके सोपे" यांपैकी कोणताही शब्दप्रयोग मुलांना खटकत नाही, पण ज्यांना शिकायचे आहे त्यांना झोंबतो. "सोपे" हा शब्द तर विशेष जपून वापरावा, कारण जे सोपे आहे ते जमले नाही तर दोष आपल्याकडे येतो, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. "वृद्ध" हा शब्दही टाळावा. "ज्येष्ठ" चालतो, आणि "साठ वर्षांपुढील" हे सर्वांत बरे, कारण त्यात वयापलीकडे काहीच म्हटलेले नसते.

2. जवळ काय हवे

या कामाला फार साहित्य लागत नाही, पण पुढील गोष्टी सुरुवातीलाच जमवून ठेवल्या तर नंतर धावपळ होत नाही.

- एक शंभर पानी वही आणि किमान पंधरा दिवसांची सवड.
- वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाणार आहे त्याची, तासिकांनुसार केलेली यादी.
- ज्यांच्याशी बोलता येईल अशी सात-आठ मुले-मुली. काही गावातली, काही बाहेरगावची आणि शक्य झाल्यास एखादी परदेशातली.
- वाक्य तपासून पाहायला तयार असलेले चार-पाच ज्येष्ठ, पण वर्गाच्या आयोजकांपैकी नव्हेत.
- कोणाचे बोलणे जसेच्या तसे छापायचे असेल किंवा फोटो वापरायचा असेल, तर त्या व्यक्तीची लेखी संमती. वहीच्या पानावर घेतलेली सहीही पुरते.

3. पंधरा दिवस नुसते ऐका

आम्ही वहीच्या पानाला मधोमध रेघ मारली. डावीकडे आई-वडिलांनी मुलांना कशासाठी फोन केला ते, आणि उजवीकडे मुलांनी काय उत्तर दिले ते. सभासद आणि त्यांची मुले, दोघांकडूनही माहिती घेतली, आणि जे शब्द आले तेच लिहिले. सुधारून लिहायचे नाही, असा नियम केला होता.

डाव्या बाजूला आलेली वाक्ये अशी: "नुसतं गोल गोल फिरतंय." "समोरच्याचा आवाजच येत नाही." "जागा भरली म्हणतोय, म्हणजे कुठली जागा?" आणि सर्वांत अधिक वेळा आलेले वाक्य: "माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं." हे शेवटचे वाक्य मी वर्गात घडताना पाहिले आहे. पंचाहत्तरीच्या एक आजी हिरव्या चिन्हावर बोट ठेवतात, पण टेलिफोनचे बटण दाबावे तसे ते जोर देऊन, क्षणभर टेकवून ठेवतात. फोन त्याला टिचकी समजत नाही, दाबून धरणे समजतो. चिन्ह जागचे हलते, बोटाबरोबर सरकते आणि दुसऱ्याच पानावर जाऊन बसते. आजींच्या दृष्टीने अ‍ॅप नाहीसे झालेले असते. (बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधील सुलभतेच्या विभागात दाबून धरण्याचा अवधी वाढवता येतो. तेवढे केले की हा प्रकार पुष्कळ कमी होतो, आणि ते आम्ही पहिल्याच रविवारी करून देतो.)

उजव्या बाजूला मुलांची उत्तरे: "तू हात लावू नकोस, मी आलो की बघतो." "परवाच तर सांगितलं होतं." "मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करते." न्यू जर्सीतील एका मुलाचे उत्तर होते, "बाबा, इथे रात्रीचे दोन वाजलेत." सांगलीत तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले होते, आणि वडिलांना बँकेचा संदेश उघडत नव्हता.

दोन आठवड्यांनी वही पुन्हा वाचताना एक शब्द दोन्ही बाजूंना सारखा दिसू लागला: "अडलंय". आई म्हणते, "जरा अडलंय." मुलगी म्हणते, "आता काय अडलं?" आणि नाशिकला राहणाऱ्या एका मुलीने बोलता बोलता जे सांगितले, ते मी वहीत अधोरेखित करून ठेवले होते: "पूर्वी आई सहज म्हणून फोन करायची. हल्ली फोन आला की तो अडलं म्हणूनच येतो, आणि सांगून झालं की ती लगेच ठेवते. माझा वेळ गेला म्हणून तिला अपराधी वाटतं."

घोषवाक्य तिथे, त्या पानावर, जवळजवळ तयार पडलेले होते. ते आम्हाला आणखी तीन आठवडे दिसले नाही, ही गोष्ट वेगळी.

4. वर्ग जे देऊ शकतो तेच एक वचन निवडा

मुलांना विचारले तर त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: आई-वडिलांची पैशांच्या बाबतीत फसवणूक होऊ नये, स्वतःचा वेळ वाचावा, आणि आई-वडिलांशी पूर्वीसारखे बोलणे व्हावे. तिन्ही गोष्टी एका ओळीत कोंबण्याचा मोह होतो. तो आवरावा.

फसवणुकीचे वचन सर्वांत आकर्षक असते आणि सर्वांत धोक्याचेही. "आता फसवणुकीची चिंता नाही" असे लिहिले तर मुले नक्की येतील, पण ते खरे नाही. "डिजिटल अरेस्ट" म्हणून जो प्रकार चालतो त्यात गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालतो. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही, हे ठाऊक असलेली शिकलेली माणसेही भीती आणि घाई यांपायी त्यात सापडतात. आम्ही वर्गात याविषयी एक पूर्ण रविवार देतो, पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही हे पुन्हा पुन्हा करून दाखवतो, आणि 1930 हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये जतन करून देतो. हे सारे पत्रकाच्या मजकुरात अवश्य लिहावे. घोषवाक्यात मात्र सुरक्षिततेची हमी देऊ नये. फी घेत असाल तर याला आणखी एक बाजू आहे: ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे, आणि जी हमी पाळता येत नाही ती त्या व्याख्येच्या फार जवळ जाऊन पोहोचते.

आणखी एक चूक आम्ही प्रत्यक्ष केली. पहिला फलक उतरवल्यावर, नोव्हेंबर जवळ आला होता म्हणून, "हयातीचा दाखला आता घरबसल्या!" असे वाक्य महिनाभर वापरले. निवृत्तिवेतनधारकांना हा दाखला दरवर्षी, बहुधा नोव्हेंबरमध्ये, द्यावा लागतो. 2014 पासून "जीवन प्रमाण" या नावाने तो डिजिटल स्वरूपात देता येतो, आणि 2021 पासून चेहऱ्याच्या पडताळणीनेही देता येतो. वाक्यात खोटे काही नव्हते. पण चेहऱ्याच्या पडताळणीसाठी फोनमध्ये दोन अ‍ॅप घ्यावी लागतात, आणि आमच्या वर्गातील एका आजींच्या जुन्या फोनवर काही केल्या ते काम होईना. शेवटी त्या नेहमीप्रमाणे रिक्षाने जाऊन दाखला देऊन आल्या. त्यांच्या मुलाने आम्हाला विचारले, "मग घरबसल्या कसं म्हणता?" त्याच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. जे काम फोनच्या वयावर, नेटवर्कवर किंवा एखाद्या कार्यालयाच्या यंत्रणेवर अवलंबून आहे, त्याचे वचन घोषवाक्यात येऊ नये. शिवाय असे वाक्य डिसेंबर उजाडला की शिळे होते.

तासिकांची यादी आणि वही शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा वहीतील बहुतेक अडचणी चारच प्रकारच्या निघाल्या: आवाज कमी झालेला किंवा दुसऱ्या यंत्राला जोडला गेलेला, जागा भरलेली, चुकून दाबले गेलेले, आणि पडद्यावर अचानक उगवणारी "परवानगी द्या" अशी चौकट. आठ रविवारांत या चार गोष्टी बहुतेकांच्या हाताखालून जातात, याची आम्हाला खात्री होती. अर्थात अडलं म्हणून होणारे फोन कमी होतील, एवढेच वचन आम्ही प्रामाणिकपणे देऊ शकत होतो.

5. व्याकरणाचे सापळे आधी ओळखा

इतर कोणत्याही जाहिरातीपेक्षा या विषयात मराठीचे व्याकरण अधिक आड येते, कारण वाक्य घराघरातल्या नात्यांविषयी आहे. आम्ही लिहिलेल्या चौदा कच्च्या ओळींपैकी निम्म्याहून अधिक केवळ व्याकरणामुळे बाद झाल्या.

पहिला सापळा संबोधनाचा. एका घरात "आई-बाबा" असतात, दुसऱ्यात "आई-अण्णा", तिसऱ्यात "मम्मी-पप्पा". "आई-वडील" सर्वांना चालते, पण त्या नावाने कोणी हाक मारत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आमच्या वर्गातील बऱ्याच जणी एकट्या आहेत. ज्याचे वडील मागच्या वर्षी गेले, त्या मुलाला "आई-बाबांना भेट द्या" असे वाक्य पाठवणे म्हणजे नकळत दुखावणे होय. दोघांचा उल्लेख वाक्यात गृहीत धरू नये. तो खालच्या माहितीच्या ओळीत आला तर तितका बोचत नाही.

दुसरा सापळा "तू" आणि "तुम्ही" यांचा. आईला बहुतेक घरांत "तू" म्हणतात, पण वडिलांना काही घरांत "तू" तर काही घरांत "तुम्ही". मुलाच्या तोंडचे वाक्य लिहायला गेलो की निवड करावी लागते, आणि कोणतीही निवड केली तरी निम्म्या घरांना ते वाक्य आपले वाटत नाही.

तिसरा सापळा लिंगाचा. "मी आलो की बघतो" हे वाक्य वहीत इतक्या वेळा आले होते की तेच मथळ्यात घ्यावे असे आम्हा सर्वांना वाटत होते. पण ते मुलाचे वाक्य आहे. मुलगी म्हणेल, "मी आले की बघते." आमच्याकडे नोंदणी करणाऱ्यांत मुली अधिक होत्या, आणि त्यांनाच वगळणारे वाक्य लिहिणे शहाणपणाचे नव्हते.

चौथा सापळा आज्ञार्थाचा. "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही घोषणा महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली, कारण ज्याला उद्देशून ती आहे त्यानेच बांध घालायचा होता. आपल्या वर्गाचे तसे नाही. "आई-बाबांना फोन शिकवा" असे मुलाला म्हटले, तर तो विचार करतो की मी शिकवायचे असेल तर वर्ग कशाला? शिकवणारे आपण, शिकणारे आई-वडील आणि वाचणारा तिसराच, अशा त्रिकोणात "शिकवा", "बनवा", "घडवा" ही सारी क्रियापदे भलत्याच माणसाला कामाला लावतात.

हे सापळे चुकवण्याची एक युक्ती जुन्याच एका घोषवाक्यात दडलेली आहे. "वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन" हे वाक्य प्रवाशाच्या स्वतःच्या तोंडी आहे, त्यात "मी" हा शब्द नाही, आणि "पाहीन", "जाईन" ही रूपे पुरुष व स्त्री दोघांनाही सारखीच लागू पडतात. महामंडळ प्रवाशाला काहीच सांगत नाही, प्रवासीच बोलतो. हे लक्षात आल्यावर आम्ही मुलांना काही सांगण्याचे सोडून दिले, आणि आई किंवा वडील काय म्हणतील ते लिहू लागलो.

6. कच्च्या ओळी लिहा आणि प्रत्येकीचा दोष शेजारी लिहा

येथे आमच्या वहीतील काही ओळी त्यांच्या दोषांसह देतो, कारण यांतल्या एक-दोन तुम्हालाही सुचणारच आहेत.

"त्यांनी तुम्हाला चालायला शिकवले, तुम्ही त्यांना फोन चालवायला शिकवा." ही ओळ प्रत्येकाला सुचते, आणि चालणे-चालवणे ही जोडी कानाला गोड लागते. दोष असे की ती लांब आहे, तिच्यात वर सांगितलेला आज्ञार्थाचा सापळा आहे, आणि ती मुलांना अपराधी ठरवते. अपराधी वाटलेला माणूस पत्रक घडी घालून खिशात ठेवतो आणि विसरतो.

"'मी आलो की बघतो' हे आता पुरे." नेमकी आहे, पण मुली वगळल्या जातात, आणि स्वर दटावणीचा आहे.

"आता आईचा फोन सहज येईल." येथे प्रथमच तो नाशिकच्या मुलीचा शब्द आला. पण वडील सुटले, आणि "सहज येईल" म्हणजे फोन चटकन लागेल असाही अर्थ निघतो.

"अडलं म्हणून फोन नको, सहज फोन कर." ही ऐकताच आमच्यातील एक काकू म्हणाल्या, "हे तर लेक आईला तंबी देतेय." बरोबरच होते.

मग त्याच ओळीचा बोलणारा बदलला. मुलगी आईला सांगत नाही, आईच मुलीला फोनवर सांगते आहे:

अडलं म्हणून नाही, सहज केला फोन.

सहा शब्द. "मी" नाही, "तू" नाही, "तुम्ही" नाही. "केला" हे क्रियापद बोलणाऱ्यानुसार न चालता फोनच्या लिंगानुसार चालते, त्यामुळे आईने म्हटले काय किंवा वडिलांनी, वाक्य तेच राहते. बोलणारा एकटा असो वा दोघे असोत, ऐकणारा मुलगा असो वा मुलगी, एक अक्षरही बदलावे लागत नाही. मुलांना ही ओळ आपल्या आईच्या आवाजात ऐकू येते, कारण "काही नाही, सहज केला फोन" हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलेले आहे. आणि आई-वडिलांनी ती वाचली तर त्यांना कोणी काही शिकवत नाही किंवा सुधारत नाही. ते स्वतःच बोलत असतात, आणि तेही अडचण संपल्यानंतर.

"सहज" या शब्दाचे दोन अर्थ मघाच्या ओळीत अडचण झाले होते. येथे तेच उपयोगी पडतात: काही कारण नसताना, आणि काही कष्ट न पडता.

दोषही सांगितले पाहिजेत. या ओळीत स्मार्टफोन हा शब्दच नाही, वर्गाचा उल्लेख नाही. एका गृहस्थांनी विचारलेही, "टेलिफोन कंपनीची जाहिरात आहे का ही?" म्हणून खाली माहितीची ओळ असल्याशिवाय हे वाक्य एकटे कोठेही छापू नये. आम्ही ती ओळ अशी ठेवली: "साठ वर्षांपुढील आई-वडिलांसाठी स्मार्टफोन वर्ग. आठ रविवार, सकाळी 10 ते 11.30." माहितीच्या ओळीत अलंकार नकोत. मुलाला जे विचारायचे असते तेच, त्याच क्रमाने द्यावे.

7. तीन चाचण्या घ्या

पहिली कानाची. वाक्य एखाद्याला फोनवर एकदाच म्हणून दाखवायचे, दहा मिनिटे दुसरे काहीतरी बोलायचे आणि मग ते म्हणायला सांगायचे. शब्द मागेपुढे झाले तर हरकत नाही, पण माणूस अडखळून "असं काहीतरी होतं" म्हणाला तर ओळ लांब किंवा गुंतागुंतीची आहे. आमची चालणे-चालवण्याची ओळ या चाचणीत प्रत्येकाने निरनिराळी सांगितली.

दुसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. कागदावर फक्त वाक्य लिहून ते एखाद्या ज्येष्ठाच्या हातात द्यायचे, काहीही समजावून सांगायचे नाही, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचे. "छान आहे" असे तोंडाने सगळेच म्हणतात, ते मोजू नये. वाचून झाल्यावर ते स्वतःची एखादी गोष्ट सांगू लागले तर वाक्य लागू पडले, आणि कागद लगेच परत दिला तर नाही. आम्ही नवे वाक्य घेऊन त्या मुख्याध्यापकांकडेच गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "आमच्या चिरंजीवांना सहज फोन केला तर तो आधी विचारतो, तब्येत बरी आहे ना?" नंतर पाऊण तास ते मुलाविषयीच बोलत होते.

तिसरी चाचणी अदलाबदलीची. खालची माहितीची ओळ बदलून तेथे विमा, शिवणवर्ग किंवा फराळाचे दुकान लिहून पाहावे. "आपल्या माणसांसाठी, आपुलकीने" हे वाक्य त्या तिन्ही ठिकाणी बसते, म्हणजे ते कोणाचेच नाही. आमची ओळ शिवणवर्गाखाली विनोदी वाटते, आणि तसेच व्हायला हवे.

8. छापताना आणि पाठवताना

वाक्य "अडले म्हणून नाही" असे प्रमाण लेखनात लिहावे की "अडलं" असे बोलण्याप्रमाणे, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. माझे मत असे की वाक्य कोणाच्या तरी तोंडी असेल तर ते बोलीतच लिहावे, आणि माहितीची ओळ प्रमाण भाषेत. पण बोलीतले रूप निवडले की अनुस्वार जपावा लागतो. छपाईच्या दुकानात पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काम चालते. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला युनिकोड मजकूर तेथे नीट उतरत नाही, म्हणून दुकानातला मुलगा तो सरळ पुन्हा टंकलिखित करतो, आणि त्यात "अडलं"चे "अडल" होते किंवा "स्मार्टफोन"मधली जोडाक्षरे सुटतात. मजकूर शक्य तर चित्र किंवा पीडीएफ करून द्यावा, आणि छपाईआधी कच्ची प्रत कागदावर मागून घेऊन दोघांनी स्वतंत्रपणे, एक एक अक्षर करून वाचावी. फोनच्या पडद्यावर पाहून मान्यता देऊ नये. आमच्या दुसऱ्या फलकावर "हयातीचा" ऐवजी "हयतीचा" छापले गेले, ते असेच.

संदेश पाठवताना वाक्य अगदी पहिल्या ओळीत ठेवावे. "सप्रेम नमस्कार, आपणास कळविण्यास आनंद होतो की" अशी सुरुवात केली, तर मुलाच्या फोनवर येणाऱ्या सूचनेत तेवढेच दिसते, आणि कामात असलेला माणूस पुढे वाचत नाही. दोन्ही बाजूंना तारांकन चिन्ह दिले की व्हॉट्सअ‍ॅपवर ओळ ठळक दिसते:

```
*अडलं म्हणून नाही, सहज केला फोन.*
साठ वर्षांपुढील आई-वडिलांसाठी स्मार्टफोन वर्ग.
आठ रविवार, सकाळी 10 ते 11.30.
```

याखाली फी, पत्ता आणि नोंदणीचा क्रमांक, एवढेच द्यावे. फसवणुकीविषयीची तासिका, हयातीचा दाखला, अक्षरांचा आकार वाढवणे वगैरे तपशील दुसऱ्या संदेशात पाठवावेत, कारण मजकूर लांबला की व्हॉट्सअ‍ॅप तो मध्येच कापते आणि नोंदणीचा क्रमांक नेमका कापलेल्या भागात जातो.

वाक्याखाली हसऱ्या आजी-आजोबांचे इंटरनेटवरचे चित्र लावण्याचा आग्रह छपाईवाला करील. आम्ही त्याऐवजी फक्त एक हात दाखवला: सुरकुतलेला, फोन कानाशी धरलेला. तो हात आमच्याच वर्गातील एका आजींचा आहे आणि त्यांची सही वहीच्या शेवटच्या पानावर आहे. छपाई झाल्यावर त्यांनी एकच तक्रार केली, की फोटो काढण्याआधी सांगितले असते तर बांगड्या बदलल्या असत्या.